‘एक थेंब खाली पडणार नाही’ म्हणून १३,८०० रुपये घेतले

चार महिने गप्प बसले होते. लाज वाटत होती. पण परवा शेजारच्या सोसायटीतल्या मैत्रिणीने फोटो पाठवला. तोच हिरवा बॅनर, तेच टेबल, रेलिंगच्या कुंड्यांवर मगभर पाणी ओतून त्या विकणारा तोच माणूस. म्हणून लिहितेय.

आमच्या सोसायटीत फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी क्लबहाउसखाली त्याचा स्टॉल लागला होता. रेलिंगला अडकवायच्या दोन फुटी लांबट कुंड्या, खाली ट्रे, धरायला दोन ब्रॅकेट. माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि पाणी खाली पडतं म्हणून गेली तीन वर्षं मी कुंड्या रेलिंगला लावल्याच नव्हत्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण सगळे आता मलाच विचारतात, ‘तुम्हाला खालच्यांचा विचार नको का करायला?’ तो विचार होता, म्हणून तर साध्या कुंड्या न घेता महागातल्या घेतल्या.

त्याने टेबलावर कुंडी ठेवली, मगभर पाणी ओतलं, कुंडी उचलून दाखवली. ट्रे कोरडा. ‘मॅडम, एक थेंब खाली पडला तर पैसे परत.’ मी पाहिलं आणि पटलं. आता कळतंय की त्या कुंडीत कोरडं कोकोपीट होतं. कोरडं कोकोपीट मगभर पाणी सहज पिऊन टाकतं, ते ट्रेपर्यंत येणारच कसं? स्टॉलवर कुणी असं दाखवलं तर त्याला म्हणा, अजून तीन मग ओत. आणि टेबलावर नको, रेलिंगला अडकवून ओत.

हिशेब असा. सहा सेट, प्रत्येकी १,८५० म्हणजे ११,१०० रुपये. ब्रॅकेट साधे नकोत, ‘३०४ ग्रेड स्टेनलेस स्टील’ हवेत म्हणून सेटमागे ३०० जास्त, ते १,८००. फिटिंग १५० प्रमाणे ९००. एकूण १३,८००. त्यातले ४,००० तिथेच यूपीआयने दिले, ९,८०० फिटिंग झाल्यावर.

पुढच्या रविवारी दोन पोरं येऊन तासाभरात लावून गेली. आणि इथेच माझी चूक झाली. ही गोष्ट आठवली की अजून झोप लागत नाही.

आमच्या रेलिंगला वर दोन इंची गोल पाइप आहे आणि त्याखाली बारीक उभे गज. पाइप जाड, गज बारीक, आणि गज पाइपच्या बरोबर मध्यावरून खाली उतरतात. त्यामुळे पाइपच्या बाहेरच्या कडेपेक्षा गज जवळजवळ दोन सेंटीमीटर आत असतात. ब्रॅकेटचा हुक पाइपवर बसतो, पण त्याचा खालचा पाय गजाला टेकत नाही, हवेतच राहतो. वजन पडलं की तो पाय आत गजापर्यंत सरकतो आणि कुंडीची पुढची कड खाली झुकते. त्या पोराने पहिली कुंडी ठेवली तशी ती रस्त्याच्या बाजूला झुकली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आमच्याच दारातलं कुरिअरचं खोकं उचललं, पुठ्ठा फाडून त्याची घडी केली आणि गज आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये कोंबली. कुंडी सरळ झाली.

मी तिथेच उभी होते. विचारलंसुद्धा, ‘अहो, हे काय? पुठ्ठा?’ तो म्हणाला, ‘ताई, रबर पॅड संपलेत, आठवड्यात आणून बसवतो, फक्त लेव्हलसाठी आहे.’ आणि माझ्या हातात मोबाईल होता. स्कॅन केलं, ९,८०० पाठवले. १४ फुटी रेलिंगवर १२ ठिकाणी पुठ्ठा, आणि मी पैसे पाठवले! त्याच क्षणी ‘आधी पॅड, मग पैसे’ एवढे चार शब्द बोलले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. घरी पाहुणे होते, ह्यांची जेवणाची घाई होती, आणि एवढ्या मोठ्या सोसायटीत उघडपणे स्टॉल लावणारा माणूस पळून जाईल असं कुणाला वाटेल?

रोज पाणी घालणार म्हटल्यावर पुठ्ठा किती टिकणार? चार-पाच दिवसांत त्याचा लगदा झाला. सगळ्या कुंड्या पुढे झुकल्या. एवढीशी झुकलेली दिसली म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण त्या ‘एवढ्याशा’चा अर्थ नंतर ट्रे काढून मोजला तेव्हा समजला. ट्रेची कड दोन सेंटीमीटर उंच. सपाट जमिनीवर त्यात मापाच्या मगाने दीड लिटर पाणी मावलं. मग ट्रेच्या मागच्या बाजूला दोन सेंटीमीटरची पट्टी ठेवली, म्हणजे रेलिंगवर होता तेवढा कलता केला, तर पाऊण लिटरलाच पाणी पुढच्या कडेवरून बाहेर. अर्धा ट्रे नुसता दाखवायला. आणि सांडलेलं ते पाणी आमच्या बाल्कनीत नाही, सरळ बाहेर.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एप्रिलमध्ये साबुदाण्याच्या चकल्या घातल्या होत्या, बाल्कनीत प्लास्टिकवर, दोन किलोच्या. सकाळी सात वाजता मी पाणी घातलं. साडेसातला त्या ताट घेऊनच वर आल्या. पांढऱ्या चकल्यांवर मातीचे तपकिरी ठिपके. त्या ओरडल्या नाहीत, ताट माझ्यासमोर धरून उभ्या राहिल्या फक्त. मी ते ताट कधी विसरणार नाही.

त्यानंतर गंजाचे ओघळ. तथाकथित ३०४ स्टेनलेस ब्रॅकेटच्या जोडांतून सहा आठवड्यांत तांबूस पाणी उतरायला लागलं आणि काकूंच्या बाल्कनीच्या नव्या रंगावर दोन लांब रेघा पडल्या. मुलीने फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं, ते खटकन चिकटलं. साधं लोखंड, वर चकचकीत मुलामा, आणि ‘304’ असा स्टिकर. चुंबक खिशात ठेवून खरेदीला जा. पण घट्ट चिकटलं तर माल खोटा, एवढंच त्याने कळतं. चिकटलं नाही म्हणजे ३०४ असंही नाही, कारण स्वस्तातल्या २०२ ग्रेडच्या स्टेनलेसलाही ते चिकटत नाही. त्यासाठी फॅब्रिकेटरकडे टेस्टिंग लिक्विड असतं, थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ लाल होतं. महाग माल घेणार असाल तर फॅब्रिकेटरकडूनच तपासून घ्या.

त्या माणसाला २३ फोन केले. आधी ‘उद्या येतो’, मग ‘गावी आहे’, मग फोन उचलणं बंद.

आता मदत करणाऱ्यांचं ऐका. कमिटीकडे गेले. स्टॉल लावायचे १,००० रुपये कमिटीने त्याच्याकडून घेतले होते, पावतीही आहे. पत्ता? लिहून घेतलेला नाही. आधार? ‘एवढं कोण बघतं मॅडम, आम्ही फक्त जागा दिली.’ आणि त्याच कमिटीने मला पत्र दिलं की तुमच्या कुंड्यांचं पाणी खाली पडतं, आठ दिवसांत काढा! माझ्या सोसायटीत त्याला बसवणारे तुम्ही, हजार रुपये घेणारे तुम्ही, आणि नोटीस मला?

पोलीस चौकीत दोन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब बाहेर होते. दुसऱ्यांदा तासभर बसवून सांगितलं, ‘माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला.’ अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, यशस्वी झालाय, आम्ही काय करणार. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे मी वाचून ठेवलं होतं. पण समोरच्याला नोटीस पाठवायला पत्ता लागतो. बिलावर पत्ता म्हणून फक्त ‘पुणे’. जीएसटी नंबर होता म्हणून आशा वाटली. मोजला तर १४ अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला की नाव दिसतं. पैसे देण्याआधी हे करायला दोन मिनिटं लागतात. मी चार महिन्यांनी केलं.

काकूंची भिंत मी रंगवून दिली, २,२०० रुपये. म्हणजे १६,००० गेले. चकल्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

जूनमध्ये एका ब्रॅकेटचा हुक उघडायला लागलेला दिसला आणि पोटात गोळा आला. सामानाच्या काट्यावर कुंडी तोलली, पाणी घातल्यावर १४ किलो. खाली मुलं खेळतात. त्याच दुपारी सगळ्या आत घेतल्या.

आता ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ३,९०० रुपयांत करून घेतलंय. कुंड्या रेलिंगच्या आतल्या बाजूला आहेत. नुसते हुक नाहीत, पाइपला नट-बोल्टचे यू क्लॅम्प आहेत आणि खालच्या पायाला दोन सेंटीमीटर जाड रबराचा ठोकळा, स्क्रूने बसवलेला, त्यामुळे गजाशी पोकळी राहत नाही. स्पिरिट लेव्हल ठेवून मी स्वतः पाहिलं, कुंड्या भरून आणि पाणी घालून. रिकाम्या कुंडीची लेव्हल काही कामाची नाही. पाणी सांडलं तर माझ्या फरशीवर सांडतं आणि नहाणीत जातं.

बाहेरच्या बाजूला लावायचाच हट्ट असेल तर पावसाचं गणित करा. ५० मिलीमीटर पाऊस झाला तर दोन फूट लांब आणि वीस सेंटीमीटर रुंद कुंडीवर सहा लिटर पाणी पडतं. ट्रे दीड लिटरचा. तुम्ही एक थेंब घातला नाहीत तरी ते खालच्यांकडे जाणार. ‘ड्रिप-प्रूफ’ म्हणणाऱ्याला हे विचारा आणि त्याचं तोंड बघा. उन्हाळ्यात अर्धा लिटर घालून दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं घाला. एकदम ओतलेलं पाणी कडेकडेने उतरून थेट ट्रेमध्ये येतं.

माझ्याकडे त्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट, बिल, पुठ्ठ्याचे फोटो आणि एक गंजलेला ब्रॅकेट आहे. पांढरा छोटा टेम्पो, हिरवा बॅनर, टेबलावर स्टीलचा मग. तुमच्या सोसायटीत दिसला तर गेटवरच्या रजिस्टरमधून टेम्पोचा नंबर घेऊन मला कळवा. मला फक्त नोटीस पाठवायला पत्ता हवा आहे.