मे महिन्यातल्या वादळात तीन रात्री लाईट नव्हती, तरी दुकानातला कूलर चालू राहिला: हायब्रिड सोलरचा माझा अनुभव

माझं किराणा आणि थंड पेयांचं दुकान श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या थांबतात त्या थंड पाण्यासाठी, सरबतासाठी आणि ताकासाठी. त्यामुळे काचेच्या दाराचा तो उभा कूलर बंद पडला, तर मे महिन्याची निम्मी कमाई गेली असं समजायचं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ इथंच आदळलं होतं. त्यानंतर आमच्या भागात कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून डोक्यात होतं की कूलरसाठी काहीतरी पक्की सोय करायचीच.

दिवाळीनंतर सिस्टीम बसवली. स्लॅबवर ५४० वॉटची चार पॅनेल, ३ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि साधारण पाच युनिट साठवणारी लिथियम बॅटरी. लोखंडी सांगाडा आणि वायरिंग धरून सव्वादोन लाखांच्या आसपास खर्च आला. घराच्या छतासाठी केंद्र सरकारचं अनुदान आहे, दुकानाच्या मीटरला ते मिळत नाही. तेव्हा हे सगळे पैसे पदरचे.

हायब्रिड म्हणजे सोलर, बॅटरी आणि बाहेरची लाईट तिन्ही एकत्र चालवणारं. तेच का, हे आधी सांगतो. नुसतं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर स्वस्त पडतं, पण लाईट गेली की तेही बंद होतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे भर उन्हात पॅनेल छतावर आणि दुकानात अंधार. दुसरीकडे, माझा जुना साधा इन्व्हर्टर ट्यूब आणि पंखा चालवायचा, पण कूलर त्याच्यावर कधीच उठला नाही. कॉम्प्रेसर नुसता घुं करायचा, टक् असा आवाज यायचा, पुन्हा घुं, पुन्हा टक्. हा आवाज ऐकू आला की लगेच प्लग काढायचा, कारण तो सुरू व्हायला धडपडतोय आणि आतली वायंडिंग तापतेय. माझा कूलर चालताना दोनशे वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढतो. तो क्षण पेलणारा, बाहेरच्या लाईटसारखाच करंट देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो. नव्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर पहिल्याच झटक्यात उठतो.

आता दोन सेटिंगबद्दल. माझ्या मते सगळा खेळ यांच्यावरच आहे. बसवणाऱ्यांनी `SBU` लावून दिलं होतं, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, आणि शेवटी बाहेरची लाईट. बिल कमी येतं, पण रोज संध्याकाळनंतर बॅटरी उतरत जाते, आणि मध्यरात्री लाईट गेली तर हाताशी उरतं ते थोडंसंच. माझा भाचा इलेक्ट्रिशियन आहे. एप्रिल संपताना तो म्हणाला, "मामा, वळवाचे दिवस आले. आता बिल बघू नका, बॅटरी भरलेली ठेवा." त्यानं `SUB` केलं. आता सोलर कमी पडलं की बाहेरची लाईट वापरली जाते आणि बॅटरीला लाईट गेल्यावरच हात लागतो. दुसरं म्हणजे बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा त्यानं `APL` वरून `UPS` केली. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १६० पर्यंत खाली येतं. `APL` मध्ये ते तसंच कूलरला जातं, `UPS` मध्ये १७० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर स्वतः बॅटरीवर जातो. कॉम्प्रेसर जगवायचा असेल तर हे करून घ्याच.

मेच्या मध्यात मंगळवारी संध्याकाळी वळीव आला. दिवेलागणीला वारा सुटला, नारळाच्या झावळ्या तारांवर पडल्या, पुढे वळणावर दोन खांब आडवे झाले. सगळा रस्ता काळोखात गेला, पण कूलरची घरघर मधे तुटलीसुद्धा नाही. स्क्रीनवर बॅटरी ९६ टक्के. बुधवारी सकाळी सात वाजता ती ५० वर आली होती. रात्री दार उघडत नाही, त्यामुळे कूलर सव्वा युनिटच्या आसपासच खातो. बाकी पंखा, दिवे, आणि गावातल्यांचे चार्जिंगला लावलेले मोबाईल. एक खर्च मात्र कोणी आधी सांगत नाही. इन्व्हर्टर स्वतःसाठीच पन्नासेक वॉट सतत घेतो, म्हणजे रात्रभरात अर्ध्या युनिटपेक्षा जास्त.

बुधवार ढगाळच राहिला. स्वच्छ दिवशी आठ-नऊ युनिट देणारी पॅनेल त्या दिवशी चारच्या पुढे गेली नाहीत. शिवाय आजूबाजूला कुठंच थंड नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं माझ्याकडे. दार सारखं उघडझाप, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. संध्याकाळी बॅटरी जेमतेम ६०. आदल्या रात्रीसारखंच वापरलं असतं तर पहाटे २० टक्क्यांच्या खाली गेली असती, आणि माझ्या सिस्टीममध्ये तिथं सगळंच बंद होतं. मग दुधाच्या पिशव्या रात्री दहापर्यंत विकून संपवल्या, कूलरच्या माथ्यावरची पाटीची ट्यूब काढली, पंखा बंद केला आणि बारा ते पाच कूलरच बंद ठेवला. भरलेल्या बाटल्या एकमेकींना गार ठेवतात. पहाटे आतला काटा चारवरून बारा अंशांवर आला होता. पाण्याच्या बाटल्यांना एवढं चालतं, दुधाला चाललं नसतं, म्हणूनच ते आधी काढलं. सकाळी बॅटरी ३० टक्के.

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं निघालं, पॅनेलवरची धूळही गेली. दुपारी तीनच्या सुमारास बॅटरी पूर्ण भरली आणि तिसरी रात्र निवांत गेली. शुक्रवारी दुपारी खांब उभे राहून लाईट आली.

आईस्क्रीमचा फ्रीझर मात्र वाचला नाही. तो मुद्दामच इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलेला नव्हता. दोन कॉम्प्रेसर एकदम उठले तर इन्व्हर्टरवर ताण येतो, आणि रात्रभर दोघांना पुरेल एवढी बॅटरीच नाही. गोधड्या टाकून ठेवला होता, पण बुधवारी दुपारी कप मऊ लागायला लागले. विरघळलेलं आईस्क्रीम पुन्हा गोठवून विकणं मला पटत नाही, म्हणून घट्ट होतं तोवरच वाडीतल्या पोरांना वाटून टाकलं. एक पोरगी दोन कप हातात धरून विचारत होती, "काका, उद्यापण लाईट जाणार ना?"

पावसाळ्याचंही सांगायला हवं. जुलैच्या काळ्याकुट्ट दिवसांत दोन-तीन युनिटच तयार होतात. एवढ्यात कूलरचा दिवससुद्धा निघत नाही, कारण त्याला एकट्याला दिवसरात्र मिळून साडेतीन युनिट लागतात. म्हणजे पावसाळ्यात लाईट दोन दिवस गेली तर पहिली रात्र नक्की निघेल, दुसरीची खात्री नाही. त्या दिवसांत थंडाला उठावही नसतो, म्हणून मी कूलरमध्ये दूध-दह्यापुरता एकच कप्पा भरतो आणि थर्मोस्टॅट मधल्या आकड्यावर ठेवतो.

खाऱ्या हवेचा त्रास आहेच. सांगाड्याचे साधे नटबोल्ट चार महिन्यांत तांबडे झाले, ते स्टेनलेस स्टीलचे करून घ्यावे लागले. समुद्राजवळ कोणी बसवणार असेल तर हे कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि पॅनेल पत्र्यावर न लावता स्लॅबमध्ये अँकर ठोकूनच लावा. फ्रीझरसाठी दुसऱ्या बॅटरीचा भाव काढला आहे. पाऊणएक लाख सांगताहेत. आईस्क्रीमचा धंदा तीन-चार महिन्यांचा, त्यामुळे तो हिशोब अजून बसत नाही.