स्टीम रूम की सॉना: चेहऱ्याला काय मानवतं?

सॉनातली हवा ८०-९० अंशांपर्यंत तापते, पण कोरडी असते. घाम लगेच उडून जातो आणि थोड्या वेळाने गाल ताणल्यासारखे वाटतात. स्टीम रूम ४५ अंशांच्या आसपासच असते, मात्र हवा वाफेने गच्च भरलेली. घाम उडत नाही, चेहरा ओला नि मऊ राहतो. हा मऊपणा टिकत नाही. बाहेर पडताच पाणी उडायला लागतं, म्हणून चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. कोरड्या त्वचेसाठी मी स्टीमच निवडेन, तीही १० मिनिटांपुरती. चेहरा वारंवार लाल होण्याचा रोझेशिया हा त्वचाविकार असेल तर मात्र दोन्ही टाळलेलं बरं, कारण उष्णतेने चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तासाभरानंतरही लाली आणि जळजळ उतरली नाही, तर त्वचेला इतकी उष्णता सोसत नाही असं समजा.