कंपनीच्या नावाने जीएसटी बिल मागण्याचा मसुदा: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातील एका लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हिशेब मी पाहतो. कर्मचारी कामासाठी एखादी वस्तू घेतो, पैसे स्वतःच्या कार्डाने भरतो आणि दुकानदार बिल त्याच्याच नावाने काढतो, असे आमच्याकडे वरचेवर घडते. अशा वेळी विक्रेत्याला पाठवायच्या विनंतीचा मसुदा आम्ही नव्याने लिहिला आणि गेले काही महिने तोच वापरत आहोत.

पूर्वी कार्यालयात चालत आलेली विनंती एका ओळीची होती: ‘कृपया बिलावर कंपनीचे नाव व जीएसटी क्रमांक टाकून सुधारित बिल द्यावे.’ तिला बहुधा उत्तर येत नसे, किंवा जुन्याच बिलावर हाताने क्रमांक लिहून शिक्का मारलेली प्रत येत असे. अशी प्रत फाइलला लावता येते, पण तिच्यावर कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर कंपनीच्या देय करातून वजा करण्याची सवलत, मिळत नाही. वैयक्तिक नावाने झालेली राज्यांतर्गत विक्री विक्रेत्याच्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणात नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या एकत्रित आकड्यात जाते आणि तिथे कोणत्याही खरेदीदाराची स्वतंत्र नोंद नसते. पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या आमच्या जीएसटीआर-2बी या क्रेडिटच्या विवरणात मात्र विक्रेत्याने आमच्या जीएसटी क्रमांकावर दाखवलेली बिलेच उतरतात, आणि जीएसटी कायद्याच्या कलम 16 नुसार क्रेडिट घेण्यासाठी बिल हाती असण्याबरोबरच विक्रेत्याने ते आपल्या विवरणात दाखवलेले असणेही आवश्यक आहे. म्हणजे मागणी कागदावरचे नाव बदलण्याची नसून विक्रेत्याच्या विवरणातील नोंद एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेण्याची आहे. विनंती दुकानातील विक्रेत्याऐवजी त्याच्या हिशेबनिसाला उद्देशून लिहिली पाहिजे, हे यावरून ठरले.

सध्याचा मसुदा, एका लॅपटॉपच्या खरेदीत वापरला तसा, पुढे देतो.

‘आपल्याकडून या महिन्याच्या 6 तारखेस बिल क्रमांक 1184 अन्वये एक लॅपटॉप खरेदी करण्यात आला. बिल आमच्या कर्मचाऱ्याच्या नावाने निघाले आहे. खरेदी कंपनीच्या वापरासाठी असून तिचा खर्च कंपनी करीत आहे. हे बिल आपल्या जीएसटीआर-1 मध्ये अद्याप दाखल झाले नसल्यास ते रद्द करून, अथवा आपल्या करसल्लागारांना योग्य वाटेल त्या अन्य पद्धतीने, कंपनीच्या नावाने नवीन कर-बिल द्यावे. नवीन बिलावर ते तयार होईल त्या दिवसाचीच तारीख असावी. वस्तू, तिचा अनुक्रमांक, मूल्य व कर यांत कोणताही बदल अपेक्षित नाही. मूळ बिलावर कंपनीने क्रेडिट घेतलेले नाही व घेणार नाही. नोंदणी प्रमाणपत्र, मूळ बिल व पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे.’

याखाली कंपनीचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर आहेत तसेच लिहितो. क्रमांकाची 15 अक्षरे प्रमाणपत्रावरून थेट उतरवून चिकटवावीत, कारण हाताने टंकताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल सहज होते.

या मसुद्यातील सर्वांत उपयोगी वाक्य पद्धत विक्रेत्यावर सोपवणारे आहे, असे माझे मत झाले आहे. ‘सुधारित बिल’ मागितले की जाणकार हिशेबनीस अडतो, कारण कायद्यातील सुधारित बिलाची तरतूद नव्याने नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याने नोंदणी लागू झाल्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंतच्या विक्रीसाठी द्यायच्या बिलांपुरती आहे. ‘क्रेडिट नोट काढा’ असे सांगितले तरी अडचण येते. कलम 34 मध्ये क्रेडिट नोटची कारणे दिलेली आहेत: मूल्य वा कर जास्त आकारला जाणे, माल परत येणे, माल किंवा सेवा कमी प्रतीची निघणे. ग्राहकाचे नाव वेगळे असणे हे कारण त्यात शब्दशः नाही. त्यामुळे काही व्यापारी माल परत आल्याची नोंद करून तोच माल पुन्हा विकल्याचे बिल काढतात, काही त्याच महिन्यात जुने बिल रद्द करतात, तर काही सरळ नकार देतात. यांपैकी काय करायचे हे त्यांच्या सल्लागारानेच ठरवावे; आपण एक पद्धत लादली की नकाराचे कारण आपणच पुरवतो.

तारखेसंबंधीचे वाक्यही मी कधी गाळत नाही. जुन्या तारखेचे बिल मागणे गैर आहेच, शिवाय ते बऱ्याचदा शक्यही नसते. वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांहून अधिक असलेल्या विक्रेत्याला नोंदणीकृत खरेदीदाराच्या नावाने बिल काढताना ई-इन्व्हॉइस करावे लागते, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते, आणि 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी व त्याहून अधिक उलाढाल असलेल्यांचे 30 दिवसांपेक्षा जुने बिल पोर्टल स्वीकारत नाही. वैयक्तिक बिलाला हे बंधन नव्हते, म्हणून दुकानदारालाही अडचण तेव्हाच कळते.

लॅपटॉपचे मूल्य 60,000 रुपये, त्यावर 18 टक्के दराने केंद्राचे 5,400 व राज्याचे 5,400 आणि एकूण 70,800 रुपये होते. विक्रेता पुण्यातीलच आणि मासिक विवरण भरणारा होता. त्याला जीएसटीआर-1 पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचे होते. विनंती 9 तारखेस गेली, म्हणजे महिना संपायला अवकाश होता. त्याने जुने बिल रद्द केले आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे, नव्या क्रमांकाचे बिल दिले. तरीही आम्ही क्रेडिट लगेच घेतले नाही. पुढील महिन्याच्या 14 तारखेस तयार झालेल्या जीएसटीआर-2बी मध्ये नवा क्रमांक दिसला, तेव्हाच 10,800 रुपये घेतले आणि मालमत्ता 60,000 रुपयांनाच दाखवली, कारण कराच्या रकमेवर घसारा घेतल्यास त्या कराचे क्रेडिट मिळत नाही. कर्मचाऱ्याला 70,800 रुपये बँकेतून परत केले आणि त्या व्हाउचरला त्याच्या कार्डाची पावती जोडली. वॉरंटी जुन्या बिलावर नोंदली गेली असेल तर उत्पादकाकडे नवे बिल देऊन ती बदलून घ्यावी लागते, हे सहसा विसरले जाते.

विवरण भरून झाल्यानंतर गेलेल्या विनंत्यांचा अनुभव इतका चांगला नाही. पुढील विवरणात फेरफार करता येतो, पण एका बिलासाठी ते काम करण्यास लहान दुकानदार फारसा राजी नसतो. ऑनलाइन खरेदीत तर मागणी नोंदवतानाच जीएसटी क्रमांक दिला नसेल तर ग्राहकसेवेकडून बहुतेक वेळा नकारच येतो. तिथे मी आता पाठपुरावा करीत नाही. कंपनीने पूर्ण रक्कम करासह खर्च म्हणून सोसावी हेच बरे.

काही बिलांसाठी हा मसुदा पाठवूच नये. आमचा कर्मचारी गोव्यातील हॉटेलात राहिला, तर निवासाच्या सेवेचे पुरवठास्थान हॉटेल जिथे आहे तिथेच धरले जाते, त्यामुळे बिलावर गोव्याचा राज्य कर लागतो आणि 27 ने सुरू होणाऱ्या आमच्या महाराष्ट्राच्या क्रमांकावर त्याचे क्रेडिट मिळत नाही. कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या बिलांचेही, कलम 17(5) मधील अपवाद सोडल्यास, तसेच आहे. अशा खर्चासाठी वैयक्तिक नावाचे बिल, कामाचा तपशील आणि अधिकाऱ्याची सही एवढे आम्ही हिशेबाला पुरेसे मानतो.