पेल्यातल्या पाण्याला भुललो

मुलगा तिसरीत गेला. उन्हाळ्यात कृष्णेवर पोहायला शिकणार होता, आणि सव्वापाच वाजले की स्वतःहून पाण्याबाहेर यायचं, अशी आमची अट होती. म्हणून मनगटी घड्याळ. सांगलीतल्या बाजारपेठेत एका दुकानात गेलो. नाव देत नाही.

दुकानदाराने काचेचा पेला भरला, घड्याळ त्यात सोडलं आणि माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिला. दोन मिनिटांनी बाहेर काढून पुसलं. काटा चालू. "साहेब, ५० मीटर खोल गेलं तरी काही होणार नाही. मागे लिहिलंय बघा." मागच्या झाकणावर खरंच '५ बार' असं छापलेलं होतं. साडेसहाशे रुपये मोजले.

चौथ्या दिवशी काचेच्या आतून वाफ धरली. सहाव्या दिवशी सेकंदकाटा एकाच जागी थरथरायला लागला आणि मग तोही गप्प. दुकानदार म्हणाला, "पोराने चावी ओढली असणार." गॅरंटी कार्ड काढून मागची बारीक अक्षरं दाखवली: पाण्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. म्हणजे पेल्याचा खेळ तोंडी, आणि कागदावर नेमकं उलटं. बिलावर तर फक्त 'घड्याळ १ नग' एवढंच होतं.

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी पातीने टक्कन झाकण उचललं. झाकणाखाली कडेने एक खाच होती आणि ती रिकामी होती. "इथं रबरी रिंग असते. यात ती घातलीच नाही." चावीच्या दांडीवरही रबर नव्हतं. शेजारची दोन बटणं दाबून बघा म्हणाले. दबलीच नाहीत, नुसती चिकटवलेली. आत सेलवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं आणि मशीनला गंज धरलेला.

मग पेल्यात कसं टिकलं? काकांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. घट्ट दाबून बसवलेलं झाकण चार बोटं पाण्यात, गार पाण्यात, न हलवता दोन मिनिटं तग धरतं. घाटावर तसं नसतं. चारच्या उन्हात पायरीवर बसून घड्याळ तापतं, आतली हवाही तापते. पोरगं एकदम गार पाण्यात उडी मारतं, आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते. वरून हात आपटण्याचा जोर वेगळाच.

बारचा आकडाही मी चुकीचा समजत होतो. तो खोलीचा परवाना नव्हे. नवं घड्याळ कारखान्यात स्थिर ठेवून जो दाब सोसतं, त्याचा तो आकडा. ३ बार म्हणजे हात धुणं, पाऊस. ५ बारवर थोडंफार पोहणं निभावतं. रोज उड्या मारणाऱ्या पोराला १० बार बघावं. अर्थात रिंगच नसेल तर मागे काहीही छापता येतं.

आणखी एक चूक माझीच, त्यात दुकानदाराला दोष देत नाही. डायलवर चकचकीत तीन छोटी चक्रं छापलेली होती, आकडे फक्त १२, ३, ६, ९ आणि दोन्ही काटे चंदेरी. सव्वा, साडे, पावणे अजून नीट न जमणारं पोरगं त्यातून सव्वापाच काय ओळखणार? पहिल्याच दिवशी पावणेसहाला वर आला होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसरं घड्याळ घेताना मी काकांनाच सोबत नेलं. दुसऱ्या दुकानात मागचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं. जिथं सेल बदलून देतात तिथं हे मिनिटभराचं काम. चार स्क्रूंचं झाकण, खाचेत काळी रिंग, '१० बार' कोरलेलं. काचेपेक्षा भोवतालची कड किंचित उंच, म्हणजे घड्याळ पालथं पडलं तर आधी कड आपटते. बारा आकडे ठळक, बाहेरच्या कडेला ५, १०, १५ अशी मिनिटं, तासकाटा लाल आखूड, मिनिटकाटा निळा लांब. "निळा पंधरावर आला की वर ये" एवढं सांगितलं, पुरलं. बिलावर 'पोहण्यासाठी, १० बार' असं लिहून घेतलं. लिहायला तो दुकानदार कुरकुरला नाही.

घरी आणल्यावर काकांनी घड्याळ थोडा वेळ उन्हात कोमट होऊ दिलं आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला. मिनिटभराने पुसून पाहिलं. आतून धुकं दिसलं की ओल आहे समजायचं. नव्हतं. सेल बदलताना रिंगही नवी टाकायची, आणि ओल्या हाताने चावी ओढायची नाही, असं त्यांनी पोराला दोनदा म्हणायला लावलं.