चार खाचांचा जिनिव्हा की सहा? प्रिंट करून बनवायच्या टेबलासाठी

निपाणीच्या मित्राला बुशांवर शाईचा शिक्का मारायला थांबत-थांबत फिरणारं टेबल हवंय. त्यासाठी जिनिव्हा यंत्रणा: सतत फिरणाऱ्या क्रँकवरची पिन टेबलाखालच्या ताऱ्याच्या खाचेत शिरते, दर फेरीला त्याला एक घर सरकवते आणि बाहेर पडते; मग पुढच्या फेरीपर्यंत टेबल थांबतं. भाग थ्रीडी प्रिंटरवर काढायचेत. "चार खाचांचा करू की सहा, एवढंच सांग," म्हणाला. मी बेळगावच्या उद्यमबागेत दोन्ही करून पाहिलेत, तर सविस्तरच लिहितो.

ड्रॉइंगची सुरुवात दोन केंद्रांमधल्या अंतरापासून करायची. ते C, खाचा n, पिनचा व्यास p. बाकी सगळं त्यातून निघतं:

```
a = C × sin(180°/n)
R = C × cos(180°/n)
y = a − 1.5p
```

a म्हणजे क्रँकच्या केंद्रापासून पिनपर्यंतचं अंतर, R ताऱ्याची त्रिज्या, y ताऱ्याच्या कडेला कोरलेल्या लॉकच्या कमानीची त्रिज्या. पहिल्या दोन सूत्रांमुळे पिन खाचेत शिरताना क्रँक खाचेला काटकोनात असतो. तसं नसेल तर प्रत्येक शिरकावाला ठक्क असा धक्का बसतो.

C 60 मिमी, पिन 6 मिमी धरू. चार खाचांत a आणि R दोन्ही 42.4 येतात. खाच केंद्राच्या इतकी जवळ जाते की मध्ये 608 बेअरिंग बसवल्यावर भिंत जेमतेम साडेतीन मिमी उरते. सहा खाचांत a 30, R 52 आणि भिंत 16 मिमी. पण सहाचीही एक अडचण आहे: फिरताना ताऱ्याची टोकं क्रँकच्या केंद्रापासून 8 मिमीवर येतात. 8 मिमीचा शाफ्ट आरामात जातो, त्यावर जाड कॉलर मात्र त्या पातळीत चालत नाही, ती खाली घ्यावी लागते. (आठ खाचांत हेच अंतर साडेचारवर येतं. म्हणून तो विषय मी बाजूलाच ठेवला.)

खरा फरक धक्क्याचा. क्रँक 30 आरपीएमने फिरला तर चार खाचांचं टेबल अर्ध्या सेकंदात सरकतं आणि दीड सेकंद थांबतं. सहाचं सरकायला 0.67 सेकंद घेतं, थांबतं 1.33. शिक्क्याला थांबा जास्त मिळतो म्हणून चार बरं वाटतं. पण टेबलाच्या 100 मिमी त्रिज्येवर चारचं कमाल त्वरण 5.3 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, सहाचं 1.3. नुसता ठेवलेला बुश, घर्षणांक 0.3 धरला, तर 2.9 च्या पुढे जागेवर राहत नाही. म्हणजे चारवर बुश सरकणारच. त्याला खोबणी तरी करा, नाही तर वेग निम्म्यावर आणा.

आता बॅकलॅश, म्हणजे थांबलेल्या टेबलाचं ढिलेपणामुळे हलणं. बहुतेक जण पिन आणि खाच यांमधली फट कमी करत बसतात. टेबल थांबलेलं असताना पिन खाचेच्या बाहेर असते, तेव्हा टेबल धरून ठेवतो तो क्रँकसोबत फिरणारा, ताऱ्याच्या कमानीत बसणारा लॉकचा गोल. त्यामुळे बघायची ती गोल आणि कमान यांमधली फट. ती 0.2 मिमी ठेवली तर हिशोबाने चार खाचांत टेबल एकूण 0.56 अंश हलतं, सहात 0.45. कारण सहामध्ये कमान गोलाला जास्त बाजूने कवटाळते. 100 मिमीवर हे 0.97 आणि 0.79 मिमी होतं. फार मोठा फरक नाही, पण आहे सहाच्या बाजूने.

तपासायला डायल गेज त्याच त्रिज्येवर टेकवा, क्रँक घट्ट धरा आणि ताणकाट्याने टेबल आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढा. एकदा 200 ग्रॅमने, एकदा 1 किलोने. पहिलं रीडिंग बहुतांशी फटीचं असतं. दुसरं जेवढं जास्त येईल तेवढं प्लास्टिक वाकण्याचं. माझ्या सहा खाचांच्या पीएलए ताऱ्यावर 0.8 आणि 1.1 आलं. म्हणजे फट अजून कमी करून वरचे 0.3 जाणार नव्हते. तारा 6 ऐवजी 10 मिमी जाड केला.

सहाही थांब्यांवर मोजा. माझ्याकडे एका थांब्यावर रीडिंग कमी येत होतं आणि तिथेच क्रँक जड फिरत होता. चांगला थांबा वाटला, पण प्रत्यक्षात प्रिंटची शिवण, म्हणजे प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो तिथली उंचवट्याची रेघ, त्या कमानीवर आली होती. स्लायसरमध्ये शिवण खाचेच्या तळाशी हलवली. गोलाचा पहिला थर खाली पसरतो, त्याचीही कड घासून घ्या, नाही तर सगळ्याच थांब्यांवर लॉक अडकतो. पिन प्रिंट करू नका, थरांमध्ये मोडते. 6 मिमीची स्टीलची डॉवेल पिन घाला.

एवढं करून शिक्का नेमका पडत नसेल तर टेबलाच्या कडेला सहा खड्डे आणि स्प्रिंगची गोळी द्या. केंद्रापासून लांब असल्यामुळे तेवढ्याच फटीत टेबल कमी हलतं. स्प्रिंग हलकीच असू दे, नाही तर गोळी सुटताना क्रँकला झटका बसतो.

मित्राचं काम तीन टप्प्यांचं: ठेवणं, शिक्का, काढणं. सहा खाचांत तेच तीन टप्पे समोरासमोर दोनदा बसतात, दर थांब्याला दोन बुश होतात. त्याला सहाचंच ड्रॉइंग पाठवलंय, कॉलर खाली घेऊन.