पाच महिने एकाच स्टँडवर फोन, घड्याळ आणि इअरबड्स: रत्नागिरीच्या दमट हवेतला अनुभव

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या फोनने चार्जरची पिन घ्यायला नकार दिला. सॉकेटमध्ये ओल आहे, वाळू दे, असा इशारा पडद्यावर येई. आमचं भाट्याच्या बाजूला छोटं न्याहारी निवास आहे. बुकिंग, मासे आणणाऱ्याचे फोन, पाहुण्यांना रस्ता सांगणं हे सगळं त्या एका फोनवर चालतं. पावसाळ्यात तो रेनकोटच्या खिशात असतो, त्यामुळे तीन दिवसांत दोनदा हे झालं. पाठ कोरडी पुसून वायरलेसवर ठेवला तर चार्ज होतो हे कळल्यावर मी तीन-इन-वन स्टँड मागवला. वर फोनसाठी चुंबकाची चकती, बाजूला घड्याळाची छोटी चकती आणि खाली इअरबड्सच्या डबीसाठी सपाट जागा. आता नोव्हेंबर आहे आणि तेव्हापासून एकही रात्र तो रिकामा राहिलेला नाही.

माझा फोन आयफोन १५, घड्याळ ॲपल वॉच एसई, इअरबड्स एअरपॉड्स प्रो. यजमानांचा अँड्रॉइड फोन आहे आणि त्यात चुंबक नाही. मी सगळ्यात जास्त शिकले ते त्यांच्याच फोनवरून.

सुरुवात मात्र ॲडॉप्टरपासून करते. स्टँडच्या खोक्यात फक्त केबल होती. घरात पडलेला जुना, ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर लावला. म्हणजे एकूण १० वॅट. फोन एकटा ठेवला की चार्ज व्हायचा, पण घड्याळ लावलं की फोनचं चिन्ह जायचं, पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. स्टँड खराब निघाला असं वाटून मी परत पाठवायलाच निघाले होते. मग तो उलटा करून खालचं बारीक अक्षर वाचलं: त्याला ९ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे २७ वॅट हवे होते. यजमानांचा ३३ वॅटचा ॲडॉप्टर लावून पाहिला, तरी तेच. त्याचे ३३ वॅट त्यांच्याच फोनच्या खास पद्धतीने मिळतात आणि आमच्या स्टँडला तो ५ व्होल्टच देत होता. शेवटी सी टाइप सॉकेटचा, पीडी म्हणजे ‘पॉवर डिलिव्हरी’ ही कोणत्याही एका कंपनीपुरती नसलेली सामाईक पद्धत असलेला ३० वॅटचा ॲडॉप्टर आणला आणि चिन्हाचं येणं-जाणं त्याच रात्री थांबलं. म्हणून स्टँड घेताना ॲडॉप्टरचे पैसे धरूनच हिशोब करा. नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका, अंगावरच्या ओळींत ‘पीडी’ आणि ९ व्होल्ट ३ अँपिअर हे दोन्ही दिसायला हवं.

आता वेगाचं. खोक्यावर १५ वॅट लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. पण ते एकट्या फोनसाठी, तो थंड असताना आणि बॅटरी बऱ्यापैकी रिकामी असताना. मी प्लगमध्ये लावायचं छोटं वॅट-मीटर घेतलं, कारण मला हा लोड इन्व्हर्टरवर टाकायचा होता. तिन्ही वस्तू रिकाम्या असताना मीटर २४-२५ वॅट दाखवतं, म्हणजे छताच्या साध्या पंख्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. पावसाळ्यात वीज गेली तरी रात्रभर काळजी नसते. माझा फोन २० टक्क्यांवरून ८० वर जायला जुलैतल्या पावसाळी रात्री साधारण सव्वा तास लागला. त्याच ॲडॉप्टरवर केबलने पाऊण तासात होतो. हा फरक राहणारच, कारण हवेतून जाणाऱ्या ऊर्जेतला बराच भाग उष्णता होऊन जातो. पाहुणे दारात आणि फोन १० टक्क्यांवर असेल, तर मी आजही केबलच शोधते.

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुपारी स्टँड खिडकीजवळ होता. तेव्हा २० ते ८० ला दोन तासांहून जास्त लागले आणि मध्येच पडद्यावर `Charging On Hold` आलं. मीटर पाहिलं तर सुरुवातीचे २० वॅट उतरून ९ वर आले होते. हा बिघाड नव्हे. बॅटरी तापली की फोन स्वतःच वीज कमी मागतो आणि फारच तापली तर घेणं थांबवतो. ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरावा असं बनवणारे सांगतात, आणि आमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तेवढं सहज होतं. स्टँड खिडकीपासून हलवून पंख्याच्या वाऱ्यात आणला, जाड कातडी कव्हर काढलं, तेव्हा तो पुन्हा दीड तासाच्या आत आला.

पण उष्णता फक्त हवेमुळे वाढत नाही. यजमानांनी हौसेने फोनच्या पाठीवर चिकटवायची लोखंडी रिंग घेतली, म्हणजे त्यांचाही फोन माझ्या स्टँडला चिकटेल. पाठीच्या बरोबर मध्यावर, पट्टीने मोजून चिकटवली. पहिल्या सकाळी ते म्हणाले, “अगं, रात्रभर ठेवला तरी साठच टक्के. आणि हा असा का तापतोय?” फोन हाताला चांगलाच गरम लागत होता.

मी आधी मीटर बघितलं. ते ९ वॅट दाखवत होतं. त्यांच्या फोनला या स्टँडवरून ५ वॅटच मिळणार हे मला माहीत होतं, कारण १५ वॅट ची-टू नावाच्या चुंबकी वायरलेस पद्धतीच्या फोनलाच मिळतात. ५ वॅट पोचायला भिंतीतून ९ जातात हे ठीकच वाटलं आणि मी पुढे शोधलंच नाही. तिथेच चुकले. मीटर फक्त भिंतीतून किती जातं ते सांगतं, फोनमध्ये किती पोचतं ते नाही. स्टँडमधल्या तारेच्या वेटोळ्यासमोर फोनमधलं वेटोळं नीट आलं नाही, तर फोनला कमी मिळतं. मग तो स्टँडला “अजून दे” असा निरोप पाठवत राहतो. स्टँड जोर वाढवतो आणि तो वाढीव जोर धातूत, वेटोळ्यात उष्णता होऊन संपतो. मीटरवर आकडा तोच, पण बॅटरीत निम्मं.

म्हणून दुसऱ्या दिवशी टक्के मोजले. फोन ५० टक्क्यांच्या आत, पडदा बंद, बरोबर अर्धा तास. चिकटवलेल्या रिंगवर अर्ध्या तासात ५ टक्के वाढले. मग रिंग काढली. चुंबकाशिवाय फोन उभ्या चकतीवरून घसरतो, म्हणून स्टँड पाठीवर आडवा करून ठेवला आणि त्यावर फोन सपाट ठेवला. चार्जिंगचा आकडा मिलिअँपिअरमध्ये दाखवणारं साधं ॲप त्यांच्या फोनमध्ये घेतलं आणि पडदा चालू ठेवून फोन थोडा थोडा सरकवत गेले. डावी-उजवीकडे मध्यच बरोबर निघाला. वर-खाली मात्र सगळ्यात मोठा आकडा दिसला तो मध्यापासून जवळजवळ एक सेंटिमीटर खाली. कॅमेऱ्याचा मोठा भाग वर असल्यामुळे त्यांच्या फोनमधलं वेटोळं खाली सरकवलेलं असावं. दुसऱ्या मॉडेलमध्ये ते वेगळ्या जागी असतं, त्यामुळे माझं माप कोणी उचलू नये. स्वतःच्या फोनवर सरकवून पाहावं आणि प्रत्येक जागी दहा सेकंद थांबावं, कारण आकडा स्थिरावायला वेळ लागतो.

ती जागा कव्हरवर पेन्सिलने आखून रिंग पुन्हा चिकटवली. अर्ध्या तासात ११ टक्के. मीटरवर तेच ९ वॅट. फोन कोमट, हातात धरवेल इतका. एका सेंटिमीटरने वेग दुपटीहून जास्त झाला आणि रात्रीची तक्रार संपली. एक सूचना: रिंगच घ्या, मध्ये भोक असलेली. गाडीच्या होल्डरबरोबर येणारी सपाट लोखंडी चकती थेट वेटोळ्यावर बसते. ती लावलेली असली की स्टँड मध्ये धातू आला हे ओळखून चार्जिंग बंद करतो, किंवा बंद केलं नाही तर ती चकतीच तापते.

घड्याळाला जुळवायचा त्रास नाही, पाठ आणि चकती दोन्ही गोल, चुंबक ओढून घेतो. स्टँडवाला “फास्ट वॉच चार्जिंग” असं लिहितो, पण माझ्या जुन्या एसईमध्ये ती सोयच नाही. ८० टक्क्यांना दीड तास लागायचा, तेवढाच लागतो. ॲपलच्या घड्याळांत वेगवान चार्जिंग सिरीज ७ पासूनच्या सिरीज मॉडेलमध्ये आहे, त्यांच्यासाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही. आणि ही चकती ॲपलच्या घड्याळापुरतीच आहे. भाचीचं दुसऱ्या कंपनीचं घड्याळ तिला चिकटलं, पण चार्ज झालं नाही.

इअरबड्सच्या डबीने पहिले चार दिवस मला फसवलं. ठेवली की दिवा लागायचा, थोड्या वेळाने विझायचा, आणि मी उचलून पुन्हा ठेवायचे. दिवा सुमारे आठ सेकंदच लागतो आणि चार्जिंग पुढे चालू राहतं. झाकण बंद, दिवा वरच्या बाजूला, पाठ खाली. ठेवताना दिवा लागला नाही तर बोटभर सरकवायची. वेग इथे महत्त्वाचा नाही, रात्रीत भरते.

एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नाही. आमच्या किनाऱ्यावर, मांडवीला तर खूपच, काळी वाळू आहे. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटसारखी लोखंडाची खनिजं असतात. सकाळी फिरून आलं की ते कण फोनच्या पाठीवरच्या चुंबकाच्या गोलावर केसांसारखे उभे राहतात, आणि फोन स्टँडवर ठेवला की चकतीवर जातात. ऑगस्टमध्ये माझ्या फोनची पकड सैल वाटायला लागली, पाठीवर बारीक ओरखडे दिसले. फडक्याने पुसलं तर कण नुसते इकडून तिकडे सरकतात आणि आणखी ओरखडतात. रुंद चिकटपट्टी गोलावर दाबून सरळ वर ओढली की सगळे तिच्याबरोबर येतात. आता दर रविवारी दोन पट्ट्या लागतात, एक फोनला आणि एक स्टँडला. त्याच वेळी प्लग काढून स्टँडच्या मागचं केबलचं सॉकेट कोरड्या मऊ ब्रशने झाडते, कारण खारी हवा तिथेही पोचतेच.