वायफायचा पासवर्ड विसरला म्हणून ‘कस्टमर केअर’ला फोन केला, आणि खातं रिकामं झालं

ही फसवणूक ग्राहक स्वतःच्या बोटाने सुरू करतो, म्हणून ती पटकन लक्षात येत नाही. नवा टीव्ही जोडायचा असतो, पासवर्ड आठवत नाही. मग कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं गुगलवर टाकायचं आणि सगळ्यात वर दिसेल तो नंबर लावायचा. तिथे जाहिरात देऊन किंवा नकाशावर खोटी नोंद करून ठगांनी आपले मोबाइल नंबर पेरलेले असतात.

पुढचा क्रम बहुधा ठरलेला. फोन एका रिंगमध्ये उचलला जातो किंवा कट होऊन दुसऱ्याच मोबाइलवरून परत येतो. ‘सर, तुमचं केवायसी अपूर्ण आहे, त्यामुळे पासवर्ड रीसेट अडकलाय. पाच रुपये व्हेरिफिकेशन चार्ज भरा.’ व्हॉट्सअॅपवर एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी .apk असतं. ती इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी मागते. उघडलेल्या फॉर्मवर नाव, मोबाइल, बँक आणि पाच रुपयांसाठी कार्डाचे तपशील किंवा यूपीआय पिन भरायला सांगतात. पाच रुपयांत त्यांना रस नसतो. रक्कम क्षुल्लक असली की माणूस विचार न करता तपशील भरतो, एवढंच. आता कार्ड त्यांच्याकडे आणि ओटीपीचे एसएमएसही त्यांच्याकडे. काही जण फाइलऐवजी स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावतात आणि टाइप होणारं सगळं बघत बसतात. ‘फोन ठेवू नका, प्रोसेस चालू आहे’ हे वाक्य बँकेचा मेसेज तुम्ही वाचू नये म्हणून असतं.

खरं तर बऱ्याच वेळा फोनची गरजच नसते. घरातला एखादा मोबाइल अजून वायफायला जोडलेला असेल, तर अँड्रॉइडच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कवर जाऊन ‘शेअर’ दाबा. क्यूआर कोड येतो आणि बहुतेक फोनवर खाली पासवर्डही दिसतो. त्याच वायफायला आधी जोडलेल्या विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि MyHome च्या जागी आपल्या नेटवर्कचं नाव घालून ही ओळ टाका:

```
netsh wlan show profile name="MyHome" key=clear
```

`Key Content` समोर असतो तो पासवर्ड. तो कधी बदललाच नसेल तर राउटरच्या खालच्या स्टिकरवरही सापडतो. मात्र टाचणीने दाबायचं रीसेटचं भोक सोडून द्या. ते दाबून धरलं की पासवर्डबरोबर कंपनीने भरलेलं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं. मग वायफाय दिसतं, पण नेट चालत नाही आणि माणूस बोलवावाच लागतो.

फोन करायचाच असेल तर नंबर छापील बिलावरून, कंपनीच्या अॅपमधून किंवा कनेक्शन लावताना मिळालेल्या कागदावरून घ्या. लोकल केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर दरमहा पैसे न्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर सगळ्यात भरवशाचा. नोंदणीकृत मोबाइलवरूनच फोन करा. कनेक्शन वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना शेजारी बसवा. ग्राहक क्रमांक, बिलावरचं नाव आणि पत्ता, शेवटच्या बिलाची रक्कम एका कागदावर लिहून ठेवा. आणि शब्द नीट वापरा: ‘वायफायचा पासवर्ड’ म्हणा. नुसतं ‘पासवर्ड’ म्हटलं तर समोरचा अॅपच्या लॉगिनचा बदलून देतो आणि टीव्ही तसाच राहतो.

खरी ओळखतपासणी एवढ्याच माहितीवर होते. कधी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपीही येतो. तो सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा: पाठवणारी तुमची इंटरनेट कंपनीच आहे का आणि तो कशासाठी आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. बँकेचं नाव, रक्कम किंवा आधारचा उल्लेख दिसला तर फोन तिथेच ठेवा. पासवर्ड बदलायला कार्ड, यूपीआय पिन किंवा तुमची स्क्रीन कशालाही लागत नाही. राउटर कंपनीच्या यंत्रणेला जोडलेला असेल तर पासवर्ड तिकडूनच बदलतात, नसेल तर माणूस पाठवतात.

फाइल टाकून झाली असेल तर आधी त्या मोबाइलचं वायफाय आणि डेटा बंद करा, किंवा सरळ फ्लाइट मोड लावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग थांबवा, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः तपशील दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या माथी येतं, त्यानंतरचं बँकेच्या.